राष्ट्रपती राजवटीला आव्हान: आधी, लगेच की नंतर?

कर्नाटकाचे मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांनी खटला जिंकला, पण सरकार त्यांना परत मिळालं नाही. २१ एप्रिल १९८९ ला कर्नाटकात राष्ट्रपती राजवट लागली. ती घटनाबाह्य होती, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं ११ मार्च १९९४ ला. तोवर १९८९ च्या अखेरीस निवडणूक होऊन नवी विधानसभा आली होती, त्यामुळे जुनी परत आणण्याचा प्रश्नच उरला नाही. ज्या निकालाने देशाचा कायदा बदलला, त्यातून कर्नाटकाच्या त्या आमदारांच्या हाती काहीच पडलं नाही.

समजा, उद्या खानापूर किंवा निपाणीच्या एखाद्या अपक्ष आमदारावर अशी वेळ आली. सरकारला त्याचा पाठिंबा आहे, बहुमत काठावर आहे आणि बेंगळूरच्या राजभवनातून अहवाल दिल्लीला जाणार अशी कुणकुण आहे. त्याच्यासमोर तीन वाटा आहेत. राजवट लागण्याआधीच कोर्ट गाठायचं, लागल्याबरोबर गाठायचं, किंवा संसदेची मंजुरी होईपर्यंत थांबायचं.

आधी जाण्याचा प्रयोग १९७७ मध्ये झाला आहे. केंद्रीय गृहमंत्री चरणसिंग यांनी नऊ मुख्यमंत्र्यांना विधानसभा विसर्जनाचा सल्ला देणारं पत्र पाठवलं, तेव्हा राजस्थानसह सहा राज्यं सुप्रीम कोर्टात गेली, ती राज्या-राज्यांमधले किंवा केंद्र-राज्य वाद थेट तिथे नेता येतात त्या कलम १३१ खाली. सात न्यायाधीशांनी ते दावे फेटाळले. सीमाभागात हे कलम नवं नाही. महाराष्ट्राचा २००४ चा दावा त्याच कलमाखाली आहे. पण हा दावा राज्याने लावायचा असतो, आमदाराने नाही. शिवाय मंत्रिमंडळ गेल्यावर राज्याच्या वतीने दावा लावणार कोण? आणि राजवट लागण्याआधी कोर्टाने तपासावं असं काही कागदावर आलेलंच नसतं. (आपल्याकडे अनेकांना वाटतं की राष्ट्रपती राजवट आली तर सीमाप्रश्न केंद्राच्या हाती जाईल. तसं होत नाही. कर्नाटक हे राज्य म्हणून त्या दाव्यात प्रतिवादी राहतं, आणि सीमा बदलायची तर कलम ३ खाली संसदेला वेगळा कायदा करावा लागतो.)

या टप्प्यावर मागण्यासारखी एक गोष्ट मात्र नक्की आहे: सभागृहात बहुमत चाचणी. मे २०१८ मध्ये कर्नाटकात नेमकं हेच झालं. राज्यपालांनी येडियुरप्पांना बहुमत सिद्ध करायला पंधरा दिवस दिले होते. सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच दिवशी, १९ मेला संध्याकाळी चार वाजता मतदान घ्यायला सांगितलं, आणि मतदानाआधीच येडियुरप्पांनी राजीनामा दिला. तेव्हा कलम ३५६ चा, म्हणजे राष्ट्रपती राजवटीचा प्रश्न नव्हता, पण धडा तोच आहे. बहुमत सभागृहात मोजलं गेलं, तर राज्यपालांच्या अंदाजावर राजवट उभी करायला जागा राहत नाही.

दुसरी वाट म्हणजे राजवट लागल्या लागल्या हायकोर्ट. माझा कल स्पष्टपणे हिच्याकडे आहे, आणि कारण बोम्मई निकालातच आहे. घोषणेला दोन महिन्यांच्या आत लोकसभा आणि राज्यसभा दोघांची मंजुरी लागते. ती मिळेपर्यंत विधानसभा फक्त निलंबित ठेवता येते, विसर्जित करता येत नाही, असं कोर्टाने ठरवून दिलं. १९८९ मध्ये बोम्मईंना ही ढाल नव्हती. त्यांची विधानसभा त्याच दिवशी विसर्जित झाली. आज या दोन महिन्यांत विधानसभा जिवंत असते आणि कोर्ट ती परत कामाला लावू शकतं.

कोर्ट काय तपासतं, हे त्याच प्रकरणाच्या तपशिलातून नीट कळतं. जनता दलाचे एक आमदार पक्ष सोडून राज्यपाल वेंकटसुब्बय्या यांच्याकडे गेले, आणि १९ आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं त्यांनी दिली. राज्यपालांनी १९ एप्रिलला दिल्लीला अहवाल पाठवला. दुसऱ्या दिवशी त्या १९ पैकी सात जणांनी लिहून दिलं की आमच्या सह्या फसवून घेतल्या, आमचा पाठिंबा सरकारलाच आहे. मुख्यमंत्री भेटून सांगत होते की २७ एप्रिलला अधिवेशन बोलावतो, सभागृहात बहुमत दाखवतो. राज्यपालांनी ते मानलं नाही, दुसरा अहवाल धाडला आणि २१ ला राजवट लागली.

मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना काय सल्ला दिला, हे कलम ७४(२) मुळे कोर्ट विचारू शकत नाही. पण तो सल्ला ज्या कागदांवर उभा आहे ते मागवू शकतं, आणि हाच या निकालाचा गाभा आहे. कागद पुरेसे होते का, हे कोर्ट तोलत नाही. मुळात कागद होते का, ते विषयाशी संबंधित होते का, आणि निर्णयामागे दुष्ट हेतू होता का, एवढं ते पाहतं. कर्नाटकात कागद होते, पण बहुमत कुठे मोजायचं याचं उत्तर राज्यपालांनी सभागृहाऐवजी राजभवनात शोधलं. तिथेच केंद्राची बाजू कोसळली. आमदाराने यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. आपली सही कोणी फसवून घेतली असेल, तर त्याच दिवशी लेखी नकार राज्यपालांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. पुढे कोर्टात तोच कागद बोलतो.

ही वाट नीट चालली ती उत्तराखंडात. तिथे २८ मार्च २०१६ ला बहुमत चाचणी ठरलेली असताना आदल्याच दिवशी राजवट लागली. हायकोर्टाने २१ एप्रिलला घोषणा रद्द केली, सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या दिवशी त्या निकालाला स्थगिती दिली, पण १० मेला सभागृहात मतदान घ्यायला लावलं. मुख्यमंत्री हरीश रावत ३३ विरुद्ध २८ मतांनी जिंकले आणि दुसऱ्या दिवशी राजवट उठली. दीड महिन्यात सगळं मिटलं, कारण विधानसभा निलंबित होती, विसर्जित नव्हती.

तिसऱ्या वाटेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. संसदेची मंजुरी झाल्यावरही कोर्ट घोषणा रद्द करू शकतं, सरकार आणि विधानसभा परतही आणू शकतं, असं बोम्मई निकाल म्हणतो. प्रत्यक्षात तोवर निवडणूक पुढे सरकलेली असते. बिहारची विधानसभा मे २००५ मध्ये विसर्जित झाली. ऑक्टोबरमध्ये कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं, पण निवडणूक प्रक्रिया सुरू झाल्याने जुनी विधानसभा परत आणायला नकार दिला.

तेव्हा त्या अपक्ष आमदाराच्या वकिलांनी पहिल्याच आठवड्यात कलम २२६ खाली हायकोर्टात याचिका टाकावी. आदेशाचं कारण बेंगळुरात घडलेलं असल्याने धारवाडच्या खंडपीठापेक्षा मुख्य पीठाकडे जाणं मला सरळ वाटतं. घोषणा रद्द करण्याची मागणी तर असेलच. तिच्याइतकेच महत्त्वाचे अंतरिम आदेश: राज्यपालांचे सगळे अहवाल कोर्टापुढे आणावेत, ठराविक तारखेला सभागृहात बहुमत चाचणी घ्यावी, आणि निकाल लागेपर्यंत नवी निवडणूक घेऊ नये. हा शेवटचा मनाई आदेश कोर्ट देऊ शकतं, हेही त्याच १९९४ च्या निकालात लिहिलेलं आहे. बोम्मईंच्या उपयोगाला मात्र ते आलं नाही.