कोटेशनमध्ये 88,200 चं कपाट, बिलात 1,58,200 चं

लातूरला औसा रोडच्या बाजूला आईवडिलांचं घर बांधून झालं. आतलं काम एका इंटिरियर कॉन्ट्रॅक्टरला दिलं. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे होते, म्हणून कोटेशन लेखी घेतलं आणि नीट वाचलं. कामाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. वर लोगो, खाली सही-शिक्का, मध्ये तक्ता: अनुक्रमांक, तपशील, चौरस फूट, दर, रक्कम. स्वयंपाकघर, दोन कपाटं, टीव्ही युनिट, देवघर. एकूण 4 लाख. बेरीज अगदी रुपयापर्यंत बरोबर. ज्यांच्या घरी सध्या असंच कोटेशन येऊन पडलंय, त्यांनी हे सगळं वाचावं म्हणून लिहितोय.

आईवडिलांच्या खोलीतल्या कपाटाची ओळ अशी होती: ‘वॉर्डरोब, प्रीमियम वॉटरप्रूफ प्लाय किंवा समतुल्य, लॅमिनेट फिनिश, 63 चौ. फूट × 1,400 = 88,200’. कपाट 7 फूट रुंद आणि 9 फूट उंच, त्यात वरचा 2 फुटांचा लॉफ्ट धरलेला. सात नव्वे त्रेसष्ट. हिशोब बरोबर होता. शेवटच्या पानावर अटींमध्ये बारीक अक्षरात एक वाक्य होतं: ‘अंतिम बिल प्रत्यक्ष मोजमापानुसार’. हे वाक्य जवळपास प्रत्येक कोटेशनमध्ये असतं आणि त्यात गैर काही नाही. दोन-चार इंच इकडंतिकडं होतातच. पण मोजमाप नेमकं कशाचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

काम संपत आलं तेव्हा नवीन बिल आलं. त्याच कपाटाच्या आता तीन ओळी झाल्या होत्या. समोरचा भाग 63. दोन्ही बाजू, प्रत्येकी 2 × 9, म्हणजे 36. लॉफ्ट 7 × 2, म्हणजे 14. बेरीज 113 चौरस फूट, गुणिले 1,400, म्हणजे 1,58,200. एका कपाटावर 70 हजार वाढले. लॉफ्ट तर 63 मध्ये आधीच मोजलेला होता, तो दुसऱ्यांदा आला. दुसऱ्या खोलीतल्या कपाटालाही हेच लावलं आणि वाढीव मागणी 1 लाख 9 हजारांवर गेली.

विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं. ‘सर, बाजूला पण प्लाय लागलंय की, लॅमिनेट लागलंय. ते फुकट कसं द्यायचं? मावशींना विचारा, त्यांच्यासमोर टेप धरून मोजलंय.’ ऐकायला पटण्यासारखं आहे, आणि म्हणूनच हे समजून घेणं गरजेचं आहे.

कपाट मोजायच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत फक्त समोरचा भाग मोजतात, रुंदी गुणिले उंची. बाजू, फळ्या, मागचं बॅक, आतलं लॅमिनेट, मजुरी असं सगळं त्या एका दरात बसवलेलं असतं, म्हणून दर मोठा असतो. दुसरीत लागलेल्या प्रत्येक फळीचं आणि बाजूचं क्षेत्रफळ मोजतात. तिथं चौरस फूट खूप होतात, म्हणून दर बराच कमी असतो. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. आमच्याकडे दर पहिल्या पद्धतीचा लावला आणि माप दुसऱ्या पद्धतीचं घेतलं. कोटेशनमधले 63 चौरस फूट हाच त्याचा पुरावा होता, कारण बाजू मोजायच्याच होत्या तर त्या पहिल्या दिवशीही तिथंच होत्या.

त्यानं हे बिल नेमकं कधी काढलं तेही सांगतो. पैशांचे टप्पे होते 50 टक्के आगाऊ, 40 टक्के माल आल्यावर, 10 टक्के काम संपल्यावर. म्हणजे सांगाडे भिंतीला लागले तोवर 3 लाख 60 हजार त्याच्याकडे गेलेले. शटर, हँडल आणि ड्रॉवर अजून त्याच्या वर्कशॉपमध्ये. बिल तेव्हाच आलं, आणि ‘हिशोब झाला की शटर आणतो’ हा निरोप त्याच्यासोबत. घराची वास्तुशांत ठरलेली, पाहुण्यांना निमंत्रणं गेलेली. वडिलांनी उरलेले 40 हजार आणि वर 50 हजार देऊन काम उरकून घेतलं. ‘माल आल्यावर 40 टक्के’ ही अट कुणीही मान्य करू नये असं मला ठामपणे वाटतं. आलेला माल घराचा होत नाही, तो परतही जाऊ शकतो. सांगाडे बसल्यावर एक हप्ता, शटर लागल्यावर दुसरा, आणि ड्रॉवर-बिजागऱ्या सगळं चालवून बघितल्यावर शेवटचा, तोही 10 टक्क्यांपेक्षा मोठा ठेवावा.

दुसरी फसवणूक नंतर उघडी पडली. सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला, कडेचं लॅमिनेट सुटून वर आलं. दुसऱ्या मिस्त्रीकडून ती फळी काढून घेतली. उलट्या बाजूला फिकट निळा शिक्का होता: IS:303 हा भारतीय मानकाचा क्रमांक, आणि खाली MR. एमआर म्हणजे दमटपणा थोडाफार सोसणारं प्लाय, बैठकीतल्या फर्निचरला चालतं. सिंकखाली, जिथं पाणी ठिबकतं, तिथं IS:710 चं प्लाय लागतं. त्याला बाजारात बीडब्ल्यूपी किंवा मरीन म्हणतात, आणि ते 72 तास उकळत्या पाण्यात टिकलं पाहिजे. मिस्त्रीनं एक तुकडा पातेल्यात उकळत ठेवला. काही तासांनी पापुद्रे नखानं सुटायला लागले. एमआरमधला डिंक उकळत्या पाण्यात टिकत नाही, म्हणून हा फरक घरीही कळतो.

आता पीडीएफमधले शब्द परत बघा: ‘प्रीमियम वॉटरप्रूफ प्लाय किंवा समतुल्य’. त्यात ना आयएस क्रमांक, ना जाडी, ना कंपनी. ‘समतुल्य’ कुणी ठरवायचं हेही नाही. माल घरी उतरतो तेव्हा प्रत्येक शीटवरचा शिक्का बघता येतो, कारण तोवर लॅमिनेट चिकटलेलं नसतं. आयएसआय चिन्हाच्या वर IS:710 असतं आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या BIS Care ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. शिक्क्याचे फोटो काढून कॉन्ट्रॅक्टरला त्याच दिवशी पाठवावेत. एकदा लॅमिनेट बसलं की पुरावा त्याच्या आत जातो.

आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पहिली पीडीएफ, नंतरचं बिल, बँकेच्या नोंदी आणि ती फुगलेली फळी शिक्क्यासकट जपून ठेवली आहे.

धाकट्या भावाच्या घराचं कोटेशन परवा आलं. ते तसंच परत पाठवून कपाटाची ओळ अशी लिहून मागितली: ‘वॉर्डरोब 7 × 9 फूट, लॉफ्टसह, मोजमाप फक्त समोरच्या भागाचं, 63 चौ. फूट, दरात बाजू, फळ्या, बॅक, आतलं लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनेल, हँडल समाविष्ट, सांगाडा 18 मिमी IS:710, शिक्का दाखवून, लेखी मंजुरीशिवाय वाढीव काम नाही.’ त्या कॉन्ट्रॅक्टरनं दर 1,400 ऐवजी 1,550 केला, म्हणजे 97,650. भावानं तो मान्य करून सही केली.