आयपीओची तारीख, इश्यू प्राइस आणि लिस्टिंग: कोणत्या कामासाठी कुठे बघायचं

आपल्याला नेमकं काय हवंय हे आधी ठरवा, कारण ‘आयपीओ कधी आला’ या एका प्रश्नात चार तारखा दडलेल्या असतात: इश्यू उघडला ती, बंद झाला ती, शेअर वाटप झालं ती आणि लिस्टिंगची. कर भरताना शेअर किती काळ हातात होता हे वाटपाच्या तारखेपासून मोजतात, आणि वेबसाइटवर ठळक दिसते ती बहुतेक वेळा लिस्टिंगची. हल्ली इश्यू बंद झाल्यावर तीन कामकाजी दिवसांत लिस्टिंग होतं, त्यामुळे फरक किरकोळ वाटतो. जुन्या इश्यूत मात्र या दोन तारखांमध्ये काही आठवडे, कधी महिनेही जात.

उदाहरणाला नागपूरचीच कंपनी घेऊ: अमरावती रोडवर मुख्यालय असलेली सोलर इंडस्ट्रीज. सगळ्यात झटपट उत्तर मिळतं ते एनएसईच्या `EQUITY_L.csv` या फाइलमधून. ती फुकट आहे, लॉगिन लागत नाही, एक्सेलमध्ये उघडते आणि लिस्टेड कंपन्यांची अख्खी यादी तिच्यात असते. दोन ओळी बघा:

```
SOLARINDS,Solar Industries India Limited,EQ,03-APR-2006,2,1,INE343H01029,2
INFY,Infosys Limited,EQ,08-FEB-1995,5,1,INE009A01021,5
```

चौथा रकाना लिस्टिंगच्या तारखेचा. सोलरचं 3 एप्रिल 2006 बरोबर आहे, कारण इश्यू मार्च 2006 मध्ये आला होता. दुसरी ओळ मात्र सरळ फसवते. इन्फोसिसचा इश्यू फेब्रुवारी 1993 चा, भाव 95 रुपये, आणि त्याच वर्षी जूनमध्ये शेअर बाजारात आला. मग 1995 कुठून आलं? एनएसईवर शेअर्सचे व्यवहारच नोव्हेंबर 1994 मध्ये सुरू झाले. म्हणजे ही तारीख ‘एनएसईवर कधी’ एवढंच सांगते. फाइलमध्ये 1994 ते 1996 मधली तारीख दिसली की कंपनी आधीपासून बीएसईवर असण्याची दाट शक्यता धरा आणि तिथे खात्री करून घ्या. छोट्या कंपन्यांसाठीच्या एसएमई मंचावरून मुख्य बाजारात आलेल्या कंपन्यांचंही तसंच: मुख्य बाजारातली तारीख वेगळी, मूळ इश्यूची वेगळी.

या फाइलमध्ये इश्यू प्राइस नसते. पाचव्या आणि शेवटच्या रकान्यातले आकडे म्हणजे भरणा झालेली आणि दर्शनी किंमत. सोलरपुढचा 2 बघून ‘दोन रुपयांना मिळाला होता’ असं समजणारे कमी नाहीत.

भाव हवा असेल तर दोन वाटा आहेत. एनएसईच्या साइटवर आयपीओच्या पानात जुन्या इश्यूंची वेगळी यादी आहे. तिच्यात इश्यू प्राइस, प्राइस बँड, इश्यू उघडण्याची आणि बंद होण्याची तारीख, लिस्टिंगची तारीख असं सगळं एकाच ओळीत मिळतं. अलीकडच्या इश्यूसाठी माझी पहिली पसंती हीच. दुसरी वाट सेबीची: साइटवर फाइलिंग्समध्ये पब्लिक इश्यूचा विभाग आहे, तिथे कागदपत्रांचे तीन प्रकार दिसतील. ड्राफ्ट आणि रेड हेरिंग प्रॉस्पेक्टसमध्ये अंतिम भाव नसतो, कारण ते भाव ठरण्याआधीचे असतात. उघडायचं ते कंपनी निबंधकाकडे, म्हणजे आरओसीकडे दाखल झालेलं अंतिम प्रॉस्पेक्टस. बरेच जण रेड हेरिंग उतरवून पाचशे पानं चाळतात आणि भाव सापडत नाही म्हणून वैतागतात.

प्रॉस्पेक्टस उघडण्याचे कष्ट कधी वसूल होतात, ते एलआयसीवरून कळतं. इश्यू 4 ते 9 मे 2022, लिस्टिंग 17 मे, भाव 949. यादीत तुम्हाला 949 हाच आकडा दिसेल. पण किरकोळ गुंतवणूकदाराला 45 रुपये आणि पॉलिसीधारकाला 60 रुपये सवलत होती, म्हणजे त्यांनी अनुक्रमे 904 आणि 889 भरले. तुमची खरेदी किंमत तुम्ही भरलेली, इश्यूची नव्हे. बँक खात्यातून कापलेली रक्कम भागिले मिळालेले शेअर करून पडताळा.

खासगी आयपीओ पोर्टल आणि ब्रोकरची अॅप सोयीची आहेत, वर्ष आणि अंदाज काढायला उत्तम. त्यांच्यावर शेवटचा शब्द सोडू नका, कारण काही ठिकाणी भाव मूळ असतो, काही ठिकाणी स्प्लिट-बोनसनुसार सुधारलेला, आणि कोणता ते लिहिलेलं नसतं. सोलरचा इश्यू 190 रुपयांना होता, तेव्हा दर्शनी किंमत 10. पुढे 2016 मध्ये 10 चा शेअर 2-2 रुपयांच्या पाच शेअरमध्ये विभागला गेला. त्यामुळे आजच्या एका शेअरमागे मूळ भाव 38 येतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पण शेअरची संख्या 2006 ची आणि भाव 38 असा मेळ घातला की हिशेब पाच पटींनी बिघडतो. किमतीच्या चार्टवर तर विसंबूच नका. त्याची पहिली तारीख म्हणजे त्या साइटकडे माहिती जिथून सुरू होते ती.

शोधताना नाव अडवतं. सोलरचा इश्यू आला तेव्हा कंपनी सोलर एक्स्प्लोझिव्हज होती, त्यामुळे 2006 ची कागदपत्रं आजच्या नावाने सापडत नाहीत. एनएसईच्या `namechange.csv` आणि `symbolchange.csv` या फाइल आधी बघा. बीएसईवर स्क्रिप कोडने शोधा, नाव बदललं तरी कोड सहसा तोच राहतो. सोलरचा 532725 आहे. आयएसआयएनवर, म्हणजे वरच्या ओळींतल्या INE ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर मात्र भरवसा ठेवू नका, स्प्लिटनंतर तो बदलतो.

काही कंपन्यांना इश्यू प्राइस नसतेच. जिओ फायनान्शियल 21 ऑगस्ट 2023 ला लिस्ट झाली ती डीमर्जरमधून, म्हणजे मूळ कंपनीतून वेगळी होऊन. तिथे मूळ कंपनीतल्या तुमच्या खरेदी किमतीची विभागणी करावी लागते आणि तिचं प्रमाण मूळ कंपनी जाहीर करते. आयपीओ यादीत नाव सापडलं नाही, तर ही शक्यता आधी तपासा.

शोधाला बसण्याआधी एक गोष्ट बघा. शेअर 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेले असतील आणि आता चांगल्या नफ्यात विकायचे असतील, तर करासाठी त्या दिवसाचा सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो; विक्रीचा भाव त्याहून कमी असेल तर विक्रीचा भाव धरतात. प्रत्यक्ष खरेदी किंमत यापेक्षा जास्त असेल तरच ती लागू होते. सोलरसारख्या शेअरमध्ये 38 चा शोध मग करापुरता निरुपयोगीच.

घरात सापडलेलं नव्वदीतलं कागदी सर्टिफिकेट असेल, तर इंटरनेटवर फार वेळ घालवू नका. कंपनीने नंतर राइट्स किंवा दुसरा इश्यू आणला असेल, तर त्या कागदपत्रातल्या भांडवल रचनेच्या तक्त्यात स्थापनेपासूनचं वाटप तारीख आणि भावासह सापडू शकतं. तसं नसेल तर कंपनी सेक्रेटरी आणि रजिस्ट्रारला लिहा. ईमेलमध्ये फोलिओ नंबर, सर्टिफिकेट नंबर आणि डिस्टिंक्टिव्ह नंबरची मालिका द्या, आणि वाटपाची तारीख व दर शेअरमागे भरलेली रक्कम असं स्पष्ट विचारा. डिस्टिंक्टिव्ह नंबर महत्त्वाचे, कारण शेअर मूळ इश्यूतले, बोनसचे की राइट्सचे हे त्यांच्यावरूनच कळतं. आणि बोनसच्या शेअरला इश्यू प्राइस लावली की सगळाच हिशेब चुकतो.