पार्सलचा मेसेज खरा की खोटा: लिंक तपासावी की ट्रॅकिंग पाहावं?

‘तुमचं पार्सल गोदामात आलं आहे. पत्ता अपुरा असल्याने दोनदा प्रयत्न करूनही देता आलं नाही. ४८ तासांत पत्ता दुरुस्त करा, नाहीतर पार्सल परत जाईल.’ इंडिया पोस्टच्या नावाने फिरणारा हा मेसेज खोटा असल्याचं सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने २०२४ मध्येच सांगितलं होतं. लिंक उघडली की नाव-पत्ता भरून घेतात आणि पुन्हा डिलिव्हरीसाठी किरकोळ रक्कम कार्डाने भरायला सांगतात. डोळा त्या रकमेवर नसतो, कार्डाचा नंबर आणि ओटीपी यांवर असतो.

असा मेसेज ओळखायचे दोन मार्ग मी वापरून पाहिले.

पहिला, मेसेजच तपासणं. साध्या दहा आकडी किंवा परदेशी नंबरवरून आला असेल तर संशय घ्यावा. लिंकमध्ये `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग बघायचा आणि तोही शेवटाकडून. `indiapost.gov.in.parcel-help.top/IN` असं असेल तर साइट `parcel-help.top` वाल्याची. त्याच्या आधीचं सगळं दिखाऊ. टपाल खात्याची साइट `indiapost.gov.in` इथेच संपते. आयफोनवर ‘आधी Y पाठवा, मग लिंक उघडा’ असं आलं तर तो नक्कीच खोटा, कारण अनोळखी नंबरच्या मेसेजमधली लिंक उत्तर दिल्याशिवाय चालू होत नाही, म्हणून ती युक्ती.

हा मार्ग चांगला आहे, पण एका गोष्टीने मला फार छळलं. खरे कुरिअरवालेही तसेच मेसेज पाठवतात. आखूड केलेली लिंक, जिच्यात साइटचं नावच दिसत नाही. डिलिव्हरी बॉयचा स्वतःच्या नंबरवरून ‘लोकेशन पाठवा’. घरात खरंच पार्सलची वाट बघत असताना प्रत्येक मेसेजवर असा खल करायचा, आणि तरी खात्री नाहीच.

म्हणून दुसरा मार्ग: मेसेज खरा की खोटा हे ठरवायचंच नाही. लिंकला हात न लावता, जिथून वस्तू मागवली त्या अ‍ॅपमधली ऑर्डर उघडायची. स्पीड पोस्ट असेल तर पावतीवरचा १३ अक्षरांचा नंबर (दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी IN) टपाल खात्याच्या साइटवर स्वतः टाइप करून टाकायचा. डिलिव्हरीचा प्रयत्न झाला असेल तर त्याची नोंद सहसा तिथे दिसते. मागवलेलंच काही नसेल तर बघायलाही नको.

अडचण इतकीच, की कुणी न सांगता भेट पाठवली तर आपल्याकडे नंबर नसतो. तेव्हा घरच्यांना, मित्रांना विचारावं किंवा जवळच्या पोस्टात जाऊन यावं, त्यात अर्धा दिवस जाऊ शकतो. ज्यांना रोज अनेक ठिकाणांहून पार्सलं येतात त्यांना कदाचित पहिला मार्ग सोयीचा पडेल. माझ्या आईला मात्र मी दुसराच शिकवला, कारण त्यात लिंक वाचता यावी लागत नाही.

कार्डाचा तपशील भरून झालाच असेल तर आधी बँकेकडून कार्ड बंद करून घ्या आणि लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा.