बर्फात शून्य दाखवणारा प्रोबही बिघडलेला असू शकतो : डीएस१८बी२० आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या या तापमान मोजणाऱ्या प्रोबबद्दल महिनाभर आधी लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं. दीडशे रुपयांत स्टीलच्या नळीतला, मीटरभर वायरचा डीएस१८बी२०, आणि अचूकता माझ्या कामाला पुरून उरणारी. मग एका सकाळी पाचपैकी तीन पातेल्यांतलं दही लागलंच नाही. वर पिवळट पाणी, खाली दुधासारखं पातळ. तीस लिटर दूध गेलं.

आधी कामाची पद्धत सांगते. मी विकायचं दही करते. दूध ८५ अंशांपर्यंत तापवून पातेली पाण्याच्या टाकीत थंड करायला ठेवते आणि ४३च्या आसपास आलं की विरजण लावते. पाच पातेली आणि प्रोब एकच. नळाच्या पाण्यात धुवायचा, दुधात बुडवायचा, पळीनं ढवळत वीस अंक मोजायचे, आकडा बघायचा आणि पुढच्या पातेल्याकडे जायचं. हे वीस सेकंद प्रोब नवा असताना ठरलेले होते.

त्या दिवशी पहिला संशय विरजणावर गेला, दुसरा दुधावर. प्रोबवर आलाच नाही, कारण आदल्याच आठवड्यात तो बर्फाच्या पाण्यात घालून पाहिला होता आणि त्यानं ०.१ दाखवलं होतं. विक्रेत्याला फोन केला तर त्याचंही तेच : "ताई, बर्फात शून्य दाखवतोय ना? मग प्रोब ओके आहे." बदलून द्यायला सरळ नकार. दीडशे रुपयांची वस्तू होती खरी, पण तीस लिटर दूध ओतून दिल्यावर तो नकार मला झोंबला.

पुतण्या डिप्लोमाला आहे. तो म्हणाला, "काकू, शून्य दाखवतो हे कळलं. किती वेळात दाखवतो ते बघितलंय का?" बर्फात मी प्रोब पाच-पाच मिनिटं ठेवत होते. एवढ्या वेळात अगदी सुस्त प्रोबसुद्धा बरोबर आकड्यावर पोचतो. त्या तपासणीत सुस्ती दिसणारच नव्हती.

मग स्टेप टेस्ट केली, म्हणजे प्रोब थंडातून एकदम गरमात घालून तो किती वेळात वर चढतो ते पाहिलं. एका भांड्यात फोडलेला बर्फ आणि पाणी. बर्फ भरपूर हवा, वरवर चार तुकडे तरंगून उपयोग नाही, कारण ४ अंशांचं पाणी सर्वांत जड असतं आणि ते तळाशी जाऊन बसतं. दुसरीकडे दहा लिटरच्या बादलीत ५० अंशांचं पाणी. बादली मोठी घेतली, म्हणजे चाचणी चालू असताना पाणी फारसं निवत नाही. प्रोब बर्फात पाच मिनिटं ठेवला, झटकला आणि एका दमात अख्खी नळी बुडेल असा कोमट पाण्यात घातला. झटकणं विसरू नये, नळीला चिकटलेला बर्फाचा कण अख्खी चाचणी बिघडवतो. संगणकावर वेळ आणि तापमान नोंदत होतो. रिझोल्यूशन, म्हणजे वाचनाची बारीकी, १२ बिटवरून १० बिटवर आणलं, कारण १२ बिटला एका वाचनाला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात आणि १० बिटला त्याचा चौथा भाग. पाव अंशाची पायरी इथे चालते.

आता बघायचं काय? शून्यापासून ५०पर्यंतच्या उडीचा ६३.२ टक्के भाग किती वेळात पार होतो ते. म्हणजे सुमारे ३१.६ अंश. सुरुवातीचा, काहीच न हलणारा क्षण वजा केला की हा वेळ म्हणजे टाइम कॉन्स्टंट. तेवढाच वेळ पुन्हा गेला की उरलेल्या अंतराचा पुन्हा ६३ टक्के भाग कापला जातो. त्यामुळे ९० टक्क्यांपर्यंत पोचायला टाइम कॉन्स्टंटच्या २.३ पट वेळ लागतो.

पहिल्या खेपेला आकडा आला ४१ सेकंद, आणि मी प्रोबला नावं ठेवायला मोकळी झाले. पण ती घाई होती. आम्ही पाणी ढवळलंच नव्हतं. थंड नळीभोवती थंड पाण्याचा पातळ थर बसतो आणि उष्णता त्यातून हळूहळू आत जाते. टाइम कॉन्स्टंट एकट्या प्रोबचा नसतो, प्रोब आणि भोवतालचं पाणी दोघांचा मिळून असतो. पळीनं गोल ढवळत पुन्हा केलं, तेव्हा ६३ टक्क्यांना २४ सेकंद आणि ९० टक्क्यांना ५३ सेकंद लागले. सुरुवातीचे २ सेकंद वजा केले तर टाइम कॉन्स्टंट २२ सेकंद. ९० टक्क्यांचे ५१ त्यानं भागले की २.३ येतात, म्हणून आकड्यावर विश्वास बसला. पाणी मधेच निवलं असतं किंवा ढवळणं कमीजास्त झालं असतं तर हे गुणोत्तर जुळलं नसतं.

तेव्हाच सुटा घेऊन ठेवलेला नवा प्रोब त्याच बादलीत, त्याच ढवळण्यात घातला. त्याला लागले १० आणि २२ सेकंद. सुरुवातीचा १ सेकंद वजा केला तर टाइम कॉन्स्टंट ९.

माझे वीस सेकंद इथेच फसले. धुतलेला प्रोब असतो ३० अंशांवर. नवा प्रोब वीस सेकंदांत अंतराचा साधारण ८८ टक्के भाग कापतो, म्हणजे तो ४३ दाखवतो तेव्हा दूध असतं सुमारे ४५. एवढं विरजण सोसतं. जुना तेवढ्याच वेळात जेमतेम ५६ टक्के कापतो. तो ४३ दाखवत होता तेव्हा दूध होतं ५३च्या आसपास! विरजणातले जिवाणू तिथे मान टाकतात. उरलेली दोन पातेली बचावली ती शेवटी तपासली म्हणून, तोवर दूध आणखी निवलं होतं.

हे सगळं आलेखासकट विक्रेत्याला पाठवलं. चार दिवसांनी बदली प्रोब आला. जुना परत मागितला नाही, म्हणून पुतण्यानं हॅक्सॉनं नळी कापली. सेन्सर टोकाला टेकलेला असायला हवा होता. तो साधारण एक सेंटिमीटर मागे सरकला होता, आणि टोकात नुसती हवा. हवेतून उष्णता फार सावकाश जाते. सरकला कसा, तर वायरला धरून ओढल्यामुळे असावा. पातेल्यातून प्रोब बाहेर काढताना मी आठ महिने वायरच ओढत होते. त्यामुळे विक्रेत्यावरचा अर्धा राग मागे घेते. बर्फाचं कारण देऊन नकार दिला तो अर्धा मात्र तसाच ठेवते.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. वायरचा जोड सैल झाला की हा प्रोब मधेच ८५.० दाखवतो. वीज आल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत त्यात तोच आकडा भरलेला असतो. माझं दूधही ८५लाच तापतं, त्यामुळे तो आकडा दिसला की दुसऱ्यांदा वाचन घेतल्याशिवाय गॅस बंद करत नाही.

पुन्हा हाच प्रोब घेईन का? घेईन, या किमतीत दुसरं काही परवडत नाही. फक्त आता नळीला धरूनच उचलते, आणि ढवळत वीसऐवजी तीस अंक मोजते. महिन्यातून एकदा बर्फ आणि बादली काढतो. प्रोबच्या डबीच्या झाकणावर मार्करनं "१०, २२" लिहून ठेवलंय. गेल्या रविवारी ११ आणि २४ आले. पहिला आकडा १५ झाला की हा प्रोब पातेल्यात जाणार नाही.