गेलेल्या २४ गुणांची वर्गवारी: नजरेने करावी की पुन्हा सोडवून?

जुनी प्रश्नपत्रिका सोडवून आणि तपासून झाली की गेलेले गुण तीन ठिकाणी वाटायचे असतात: जे येतच नव्हते, जे येत असून हातून चुकले आणि ज्यांच्यासाठी वेळ पुरला नाही. ही वाटणी दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात तपासलेली उत्तरपत्रिका समोर ठेवून प्रत्येक लाल खुणेपाशी विद्यार्थ्याने आठवून कारण लिहायचे. दुसऱ्या प्रकारात गुण गेलेला प्रत्येक प्रश्न दुसऱ्या दिवशी, पुस्तक न उघडता, घड्याळ न लावता आणि वेगळ्या शाईने पुन्हा सोडवायचा, आणि त्यात काय घडते यावरून कारण ठरवायचे. पहिल्याला वीस मिनिटे लागतात, दुसऱ्याला सव्वा तास. परीक्षा तोंडावर असताना हा जास्तीचा तास द्यावा का, असे खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांचे पालक मला विचारतात. गणितापुरते तरी माझे उत्तर स्पष्टपणे दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. माझ्या भाचीच्या एका उत्तरपत्रिकेवरून ते मांडतो.

कर्नाटकच्या एसएसएलसी परीक्षेत गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो. वेळ ३ तास १५ मिनिटांचा असून त्यातील १५ मिनिटे प्रश्न वाचण्यासाठी असतात. म्हणजे लिहायला १८० मिनिटे उरतात आणि एका गुणाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटे येतात. शेवटी तपासण्यासाठी थोडा वेळ राखला तर दोन मिनिटे धरावीत. भाचीने घरी याच वेळेत पेपर सोडवला आणि मंडळाच्या नमुना उत्तरांवरून, पायरीनुसार गुण देत, मी तो तपासला. तिला ५६ गुण मिळाले, २४ गेले.

त्याच संध्याकाळी तिने नजरेने वाटणी केली. येत नव्हते त्याचे ४ गुण, चुकून गेले त्याचे १३ आणि वेळ पुरला नाही त्याचे ७. प्रत्येक खुणेपाशी ती प्रामाणिकपणे म्हणत होती, "येतंय की मामा, गडबडीत चुकलं." या वाटणीवरून निघणारा निर्णयही सरळ होता: अभ्यास झालेला आहे, आता रोज एक पेपर वेळ लावून, सावकाशीने लिहायचा. दुसऱ्या दिवशी त्याच २४ गुणांचे चौदा प्रश्न आणि उपप्रश्न तिने निळ्याऐवजी हिरव्या शाईने सोडवले, तेव्हा आकडे बदलले: येत नव्हते त्याचे १३, चुकीचे ७ आणि वेळेचे ४. एकूण २४ तेच होते, पण नऊ गुणांनी जागा बदलली होती, आणि त्याबरोबर पुढच्या दहा दिवसांचा निर्णयही बदलला.

हे कसे घडले ते वर्गसमीकरणाच्या उदाहरणात नीट दिसते. प्रश्न 2x² − 5x + 3 = 0 हे समीकरण सूत्राने सोडवण्याचा होता. सूत्र तिने बिनचूक लिहिले, पण −b च्या जागी −5 घातले आणि उत्तरे −1 व −3/2 आली. खरी उत्तरे 1 व 3/2. कागदावर पाहता ही फक्त चिन्हाची चूक दिसते, आणि तिने तसेच लिहिले होते. एका शाब्दिक उदाहरणातही असेच चिन्ह उलटले होते. दोन्ही मिळून ३ गुण गेले होते. हिरव्या शाईनेही −5 आल्यावर मी तिला तीन नवी समीकरणे दिली: x² − 7x + 12 = 0, 3x² − 8x + 4 = 0 आणि x² + 3x − 10 = 0. पहिली दोन चुकली, तिसरे बरोबर आले. b धन असेल तेव्हा तिची रीत चालत होती, ऋण असेल तेव्हा मोडत होती. −b म्हणजे "b च्या आधीचे चिन्ह उलट करणे" हे तिला ठाऊकच नव्हते; तिच्या मनात −b म्हणजे "ऋण चिन्ह असलेली ती संख्या" होती. हे अज्ञान आहे, निष्काळजीपणा नाही, आणि सावकाश लिहिल्याने ते सुधारले नसते, कारण सावकाशही ती −5 च लिहिणार होती.

येथे एक परख उपयोगी पडते. खरी चूक जागा बदलते. एकदा व्यास आणि त्रिज्येत गोंधळ, दुसऱ्यांदा २७ च्या जागी ७२, तिसऱ्यांदा एकक राहून गेले. एकाच ठिकाणी, एकाच वळणावर, पुन्हा पुन्हा येणारी चूक ही बहुतेक वेळा न कळलेली गोष्ट असते. नजरेने वाटणी करताना हे दिसत नाही, कारण तेव्हा प्रत्येक खूण एकटी पाहिली जाते, शिवाय शेजारी बरोबर उत्तर असते. बरोबर उत्तर पाहिल्यावर "हे मला येतच होते" असे वाटणे स्वाभाविक आहे. मुले यात खोटे बोलत नाहीत.

मध्यकाच्या प्रश्नातही हेच झाले. एकूण वारंवारता ४०, वर्ग ० ते १० पासून दहा-दहाचे आणि त्यांच्या वारंवारता ५, ९, १२, ८, ६ अशा होत्या. निम्मे २०, म्हणून मध्यक वर्ग २० ते ३०, येथपर्यंत बरोबर. सूत्रात मात्र आधीच्या वर्गापर्यंतची संचित वारंवारता १४ घालायची, तर तिने त्याच वर्गाची २६ घातली आणि मध्यक २५ ऐवजी १५ आला. पुन्हा सोडवतानाही १५ च आला. मध्यक स्वतःच्या वर्गाबाहेर पडला हे तिला खटकले नाही, हीच खूण मला महत्त्वाची वाटली. विसाच्या आधी किती जण संपले आणि पुढे या वर्गात किती आत जायचे, हा सूत्रामागचा अर्थ कळलेले मूल १५ पाहून थांबते.

याउलट शंकूचे उदाहरण. व्यास १४ सेमी, उंची २४ सेमी, वक्रपृष्ठफळ विचारले होते. तिने १४ हीच त्रिज्या धरली, तिरकस उंचीसाठी √७७२ आले आणि त्या वर्गमुळाशी ती झगडत बसली. हिरव्या शाईने तिने पहिल्याच ओळीत त्रिज्या ७ लिहिली, तिरकस उंची २५ आली आणि उत्तर ५५० चौसेमी. कोणी काही न सुचवता दुरुस्ती झाली, म्हणून ही खरी चूक. तिच्यावर उपाय शिकवण्याचा नाही, सवयीचा आहे: प्रश्नातील "व्यास" शब्दाखाली रेघ ओढायची आणि शालेय पेपरात वर्गमूळ विचित्र आले की आधी वर जाऊन दिलेले अंक पाहायचे.

वेळेचा कप्पा सर्वांत फसवा आहे, आणि येथे नुसते पुन्हा सोडवणेही पुरत नाही. शेवटी कोरे राहिलेले दोन प्रश्न तिने वेळेत टाकले होते: त्रिकोणमितीय नित्यसमीकरण, ३ गुण, आणि उंची व अंतर, ४ गुण. घड्याळ नसताना दुसरे तिने आठ मिनिटांत पूर्ण सोडवले. ते खरोखर वेळेमुळे गेले होते. पहिल्यावर पंधरा मिनिटे घालवूनही दुसऱ्या ओळीपुढे सरकता आले नाही, म्हणजे वेळ मिळाला असता तरी ते ३ गुण जाणारच होते. न येणारा प्रश्न मुले नकळत शेवटी ढकलतात आणि मग तो "वेळ पुरला नाही" म्हणून मोजला जातो.

पण पेपर लिहिताना ती आठ मिनिटे कोठे गेली? पेपर लिहिताना प्रत्येक पानाच्या समासात वेळ टिपण्याची सूचना मी दिली होती, म्हणून हे सांगता आले. शंकूला ११ मिनिटे लागली, जी तीन गुणांसाठी सहाच्या आसपास असायला हवी होती, आणि आलेखाला १९, जी चार गुणांसाठी आठ-नऊ पुरे होती. म्हणजे उंची व अंतराचे ४ गुण काही अंशी त्रिज्येच्या चुकीनेच खाल्ले. समासातील वेळेशिवाय ते "लेखन संथ आहे" या नावाखाली गेले असते आणि तिला वेगाने लिहायला सांगितले गेले असते, ज्याने चुका आणखी वाढल्या असत्या.

दुसऱ्या पद्धतीच्या अटीही सांगायला हव्यात. त्याच दिवशी पुन्हा सोडवले तर तपासताना पाहिलेले उत्तर आठवते आणि अज्ञान झाकले जाते. तीन-चार दिवस गेले तर मधल्या अभ्यासाने चित्र बदलते. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, हे मला योग्य वाटते. नमुना उत्तर मुलाच्या हाती देऊ नये, तपासणाऱ्याने फक्त गुण लिहावेत. आणखी एक गोष्ट या वाटणीतून निसटते: अंदाजाने बरोबर आलेली उत्तरे. भाचीने बहुपर्यायी प्रश्नांत खात्री नसलेल्या तीन ठिकाणी टिंब दिले होते, त्यांतील दोन बरोबर निघाली. ते २ गुण गेलेल्या २४ मध्ये नाहीत, तरी न येण्याच्या कप्प्यात धरावे लागतात.

सर्व विषयांना मी हा सव्वा तास देणार नाही. समाजविज्ञानात उत्तर येते की नाही हे कोऱ्या किंवा अर्ध्या ओळींवरून बहुधा नजरेनेच कळते. कन्नडमध्ये मात्र आपल्या मुलांनी "शुद्धलेखनाची चूक" हा कप्पा जपून वापरावा. कन्नडमध्ये ए आणि ओ यांना ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, मराठीत तसा भेद नाही. "दे" या अर्थाचा शब्द आणि "शिंग" या अर्थाचा शब्द देवनागरीत दोन्ही "कोडु" असेच लिहावे लागतात. कन्नडमध्ये पहिल्यात ऱ्हस्व ओ आहे, दुसऱ्यात दीर्घ. घरी मराठी बोलणारे मूल तो भेद ऐकतच नसेल तर ती हातून झालेली चूक नव्हे, तो कान तयार व्हायचा आहे.

ज्याच्याकडे परीक्षेपूर्वी दोनच दिवस आहेत त्याने नजरेची वाटणी करून खऱ्या चुकांच्या दोन-तीन सवयी तेवढ्या धराव्यात, कारण नवे शिकायला वेळ उरलेला नसतो. एसएसएलसीची पहिली परीक्षा देऊन दुसऱ्या परीक्षेला बसणाऱ्याकडे काही आठवडे असतात. त्याने तीन पेपर नजरेने पाहण्यापेक्षा एक पेपर पुन्हा सोडवावा. भाचीने रोज एक पेपर लिहिण्याचा बेत सोडला. चार दिवस −b, मध्यक, नित्यसमीकरणे आणि प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाच्या सिद्धतेला दिले, आणि पाचव्या दिवशी पुढचा पेपर घेतला. त्यात वर्गसमीकरण आणि मध्यक यांचे पूर्ण गुण आले. प्रमेयाची सिद्धता, समांतर रेषांमधील एकाच पायावरील दोन त्रिकोणांची क्षेत्रफळे समान का, या पायरीशी पुन्हा अडली, आणि ती अजून पहिल्या कप्प्यातच आहे.