‘कोड चुकीचा आहे’: सहा महिन्यांपूर्वी बदललेली स्क्रिप्ट

आमच्या सपोर्ट टीमचा लॉगिन कोडवरचा व्हिडिओ आम्ही सहा महिन्यांपूर्वी नव्याने लिहिला. जुना असा सुरू व्हायचा: ‘नमस्कार, आज आपण ऑथेंटिकेटर अ‍ॅप म्हणजे काय ते पाहणार आहोत.’ पण समोरचा माणूस लॉगिन अडकल्यामुळे आलेला असतो. अ‍ॅप काय असतं हे त्याला आधीच ठाऊक असतं, त्याचा कोड चालत नसतो.

आता पहिलं वाक्य असं आहे: ‘अ‍ॅपमधला सहा आकडी कोड जसाच्या तसा टाकलात, तरी चुकीचा म्हणतंय? बहुतेक वेळा फोनचं घड्याळ पुढेमागे झालेलं असतं.’ लगेच कारण येतं. कोड वेळेवरून तयार होतो आणि दर 30 सेकंदांनी बदलतो, त्यामुळे फोन आणि सर्व्हर यांची वेळ जुळावी लागते. एवढंच. मग तारीख-वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू करायला सांगतो.

चुकांच्या भागात मात्र आम्हीच पहिल्यांदा चुकलो. ‘अ‍ॅपमधलं खातं डिलीट करू नका’ ही सूचना शेवटी ठेवली होती. लोक व्हिडिओ थांबवून थांबवून हातातल्या फोनवर करत जातात, आणि ‘काढून परत टाकून बघू’ हे सगळ्यांनाच सुचतं. एकदा खातं काढलं की ज्या गुप्त किल्लीवरून आणि वेळेवरून कोड तयार होतो, ती किल्लीही जाते. खातं परत जोडायला नवा क्यूआर कोड हवा, तो घ्यायला आत शिरावं लागतं, आणि आत शिरायला कोड लागतो! बॅकअप कोड जपून ठेवला नसेल तर ओळख पटवण्याचा लांबचा रस्ता. असे अडकलेल्यांचे फोन आम्हीच घेत होतो, म्हणून महिन्याभरात ती सूचना उचलून उपायाच्या आधी आणली. शब्दही बदलले: ‘खातं काढून पुन्हा जोडावंसं वाटेल, पण थांबा.’ ‘तुम्ही चूक करता’ असा सूर ठेवला की माणूस फोनवर खरं सांगत नाही.

दुसरी चूक आम्हाला एका ग्राहकाने शिकवली. ‘घड्याळ बरोबर आहे हो,’ ते सांगत होते, आणि पडद्यावरची वेळ खरंच बरोबर होती. पण प्रवासात त्यांनी टाइम झोन न बदलता काटे हाताने पुढे केले होते. कोड जागतिक वेळेवर चालतो, त्यामुळे आतला हिशोब काही तासांनी चुकला होता. आता स्क्रिप्टमध्ये ‘वेळ बघा’ नाही, ‘वेळ आणि टाइम झोन दोन्ही आपोआप वर आहेत का ते बघा’ असं आहे.

तक्रार एकच. अ‍ॅप पहिल्यांदा लावणारेही याच व्हिडिओवर येतात आणि गोंधळतात. दोघांना एकाच स्क्रिप्टमध्ये बसवायचा प्रयत्न केला, पण सुरुवात पुन्हा लांबली. शेवटी त्यांच्यासाठी वेगळा व्हिडिओ केला. त्याची सुरुवात अजून मनासारखी जमलेली नाही.