क्रेडिट की एक्झेम्प्शन? परदेशातल्या उत्पन्नावर दोनदा टॅक्स नको म्हणून

पुण्यात राहणाऱ्याला अमेरिकन शेअर्सवर 1,00,000 रुपये डिव्हिडंड मिळाला असं धरा. भारत-अमेरिका टॅक्स करारानुसार अमेरिका 25 टक्के म्हणजे 25,000 कापते आणि भारत पण त्याच लाखावर टॅक्स लावतो, कारण तो इथला रेसिडेंट आहे. भारत वापरतो क्रेडिट पद्धत, म्हणजे पूर्ण लाख इथे दाखवायचे (हातात आलेले 75,000 नाही, इथेच बरेच जण चुकतात), सेस सोडून 30 टक्क्यांनी 30,000 टॅक्स काढायचा, त्यातून 25,000 वजा, भरायचे फक्त 5,000.

पण इथला रेट 20 टक्के असेल तर? टॅक्स 20,000, क्रेडिटही तेवढंच, वरचे 5,000 गेले, रिफंड नाही. आणि आपण अमेरिकेबाहेरचे आहोत आणि कराराचा रेट हवा हे सांगणारा डब्ल्यू-8बेन फॉर्म ब्रोकरला दिला नाही तर तिकडे 30 टक्के कापतात, करारापेक्षा जास्तीचे ते 5 टक्के भारत धरतच नाही.

एक्झेम्प्शनमध्ये असं गणितच नसतं, राहता देश ते उत्पन्न सोडूनच देतो. जर्मनीत राहून ऑस्ट्रियात नोकरी करणाऱ्याचा पगार साधारणपणे असाच सुटतो, पण तो पगार धरून रेट ठरवतात आणि तो चढा रेट त्याच्या जर्मनीतल्या बाकी उत्पन्नाला लागतो.

तिकडे टॅक्स कमी असेल तर एक्झेम्प्शनमध्ये तो फायदा बराचसा आपल्याकडेच राहतो, क्रेडिटमध्ये फरक घरच्या सरकारला भरावा लागतो. मला तरी क्रेडिटच जास्त न्याय्य वाटतं, शेजारचा माणूस तेवढंच इथे कमावून पूर्ण 30 टक्के भरतोच ना.